दारावरचा नंबर

बाळाची आई आली तेव्हा नर्सबाईंचं आवरणं चाललं होतं. वस्तीतल्या शाळेची एक खोली दर बुधवारी लसीकरणाला मिळायची. बाकं भिंतीला लावायची, टेबलावर चादर टाकायची आणि मुलांच्या रडण्यात सकाळ काढायची, हा नेम. त्या दिवशी गर्दी लवकर ओसरली होती. मदतीला असलेली सेविका चादर झटकत होती. तेवढ्यात ही दारात येऊन उभी राहिली. पायाला सिमेंट लागलेलं, कडेवर एक गुबगुबीत, डोक्यावर नावाला केस नसलेलं पोर.

"याला गोवराची सुई द्यायचीय. बाजूवाली म्हणाली, इथे देतात."

नर्सबाईंनी बाळाचं वय विचारलं. नुकताच नववा महिना पुरा झाला होता, म्हणजे अगदी वेळेवर. असं वेळेवर आलेलं पोर वर्षात क्वचित बघायला मिळतं. नर्सबाईंना आनंद झाला आणि लगेच तो मावळलाही, कारण गोवराच्या लसीची कुपी फोडलेली नव्हती. सकाळपासून गोवराच्या लसीचं एकही मूल आलं नव्हतं. आलं ते हे एकटंच.

"अगं, ही कुपी पाच मुलांची असते," त्या म्हणाल्या. "एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते. एकट्यासाठी फोडली तर चार मुलांची लस वाया जाईल. पुढच्या बुधवारी ये. आणखी चारपाच जणी येणार आहेत, तेव्हा देऊ."

"पुढच्या बुधवारी?"

"हो. लवकर ये, थांबावं लागणार नाही."

बाईने मान हलवली. भांडली नाही, कुरकुरली नाही. बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि कुठे राहतेस विचारल्यावर जाता जाता सांगितलं, "नाल्यापलीकडे. लोखंडी जिन्याच्या चाळीत." कामाचा अर्धा दिवस बुडवून ती आली होती, हे नर्सबाईंना तिच्या पायावरच्या ओल्या सिमेंटवरून कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण कळणं वेगळं आणि कुपी फोडणं वेगळं.

आता खरं सांगायचं तर नियमाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे, की एक मूल आलं तरी कुपी फोडा, लस वाया गेली तर जाऊ द्या, मूल रिकामं पाठवू नका. शहाण्या माणसाने लिहिलेलं पुस्तक आहे. पण पुस्तक कपाटात असतं आणि मीटिंग दर महिन्याला असते. त्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करून विचारतात, "तुमच्याच केंद्रात लस इतकी वाया कशी जाते हो, बाई?" तिथे कुणी पुस्तक काढत नाही. म्हणून गावोगावच्या नर्सबाया पाच मुलं जमेपर्यंत कुपी फोडत नाहीत आणि पाचवं मूल येईपर्यंत पहिलं मूल घरी गेलेलं असतं.

पुढच्या बुधवारी चार मुलं आली. नाल्यापलीकडची आई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग गोवर आला. जुन्या वस्तीत शिंप्याच्या नातीला ताप चढला, डोळे लाल झाले, कानामागून पुरळ उतरत अंगभर पसरलं. घरच्यांना वाटलं, येतो तसा जाईल. पुरळ मावळायला लागलं आणि छाती भरली. इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला. पोर गेलं.

ते गेलं आणि मग सगळ्यांना जाग आली. गाड्या आल्या, साहेब आले, नाकावर रुमाल धरून गल्ल्या बघितल्या. घरोघर पाहणी करा, पाच वर्षांच्या आतलं एकही मूल सोडू नका, ताप-पुरळ असेल तर कळवा, असा हुकूम सुटला. शिंप्याची नात जिवंत असताना या गल्लीत साहेब एकदाही आले नव्हते, हे सेविका मोठ्याने बोलली आणि नर्सबाईंनी तिला डोळ्यांनी दाबलं. पण मनातून त्याही तेच बोलत होत्या.

नर्सबाई आणि सेविका घरोघर हिंडू लागल्या. पाहणीची पद्धत ठरलेली असते. घरात गेलात, मुलं बघितलीत, की दारावर खडूने नंबर टाकायचा, खाली तारीख, बाजूला पुढच्या घराकडे जाणारा बाण. मागून तपासायला येणारा बाणामागून चालत येतो. ट्रेनिंगमध्ये साहेबांनी एक वाक्य घोकून घेतलं होतं: नंबर नाही तर घर नाही. नर्सबाईंच्या बोटांना आता त्या खडूची इतकी सवय झाली होती, की घरी देवघराच्या कपाटावरसुद्धा एकदा नंबर टाकतील, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या.

जुन्या वस्तीत या नंबराचे मोठे लाड होते. उद्या कधी पक्की घरं वाटायची वेळ आली, तर आमच्या दारावर सरकारी नंबर होता, असं सांगता येईल, अशी लोकांची समजूत. कुणी नंबराभोवती ऑइलपेंटने चौकट काढायचं. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या आजीने तर पोलिओच्या वेळचा जुना आकडा पारदर्शक चिकटपट्टी लावून जपला होता. नातवाने त्यावर बोट फिरवलं, तर आजीच्या जिभेने अख्खी गल्ली जागी व्हायची.

"बाई, माझा नंबर नीट मोठा काढा," ती दर वेळी म्हणायची. "माझ्या डोळ्यांनाही दिसला पाहिजे."

"आजी, हा लसीचा नंबर आहे. घराचा नाही."

"असू दे की. सरकारी आहे ना? मग झालं."

नर्सबाई हसून मोठा नंबर काढायच्या. पण पाहणी नाल्याच्या काठावर येऊन थांबली, तेव्हा त्यांना हसू आलं नाही. पलीकडे पत्र्याच्या तीनमजली चाळी दिसत होत्या, बाहेरून लोखंडी जिने चढलेले, कठड्यांवर कपडे, आणि कपड्यांच्या मध्ये पोरं. त्यांना ते केस नसलेलं पोर आठवलं. ते गेल्या कित्येक दिवसांत आठवलं नव्हतं असं नाही, पण शिंप्याची नात गेल्यापासून ते रोज आठवत होतं.

"चल, पलीकडे जाऊ," त्या म्हणाल्या.

"मी नाही यायची, बाई," सेविकेने स्पष्ट सांगितलं. "ती माझी घरं नाहीत. आपल्याच घरांना दिवस पुरत नाही. तिकडे काही झालं तर मला कोण विचारणार? आणि काही चांगलं केलं तरी कोण विचारणार?"

तिचं चुकत होतं असं कुणाची छाती नाही म्हणायची.

नर्सबाई केंद्रावर गेल्या. डॉक्टरसाहेबांच्या पाठीमागे भिंतीवर नकाशा होता. केंद्राची हद्द हिरव्या रेघेने काढलेली. रेघ नाल्यावर येऊन वळत होती.

"पलीकडचं दुसऱ्या केंद्राकडे आहे," साहेब म्हणाले. चेहऱ्यावर दोन दिवसांची झोप साचली होती. माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता.

"त्यांना फोन केला साहेब. तिथल्या सिस्टर म्हणतात, आमच्या नकाशात तिथे मोकळी जागा आहे."

"मग मोकळी जागा असेल."

"त्या मोकळ्या जागेत तीन मजले आहेत. मी त्यांना म्हटलं, तिथे माणसं राहतात. त्या म्हणाल्या, मग जागेच्या मालकाला सांगा."

साहेब हसले आणि हसल्याचं त्यांना वाईट वाटलं. "बाई, आपल्या केंद्राला लोकसंख्या दिलीय ती जुन्या शिरगणतीची. लस त्या हिशेबाने येते. सिस्टर त्या हिशेबाने येतात, येतात म्हणजे दोन यायला हव्यात तिथे एक येते. त्यात पलीकडचंही अंगावर घेतलं, तर आपलीच मुलं सुटतील. लेखी कळवतो मी वर."

वर कळवलेलं खाली कधी येतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी घरी नर्सबाईंनी भाजीत मीठ दोनदा टाकलं. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं आणि कारण विचारलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचा तो बुधवार काय आकाशातून पडलाय? गोवर काय बुधवार बघून येतो?"

"सेशन ठरलेलं असतं हो, आई."

"असेल. पण रोजंदारीवरच्या बाईला बुधवार नसतो. तिला एक काम आहे तो दिवस आणि एक काम नाही तो दिवस. दोनच वार." एवढं बोलून त्यांनी खारट भाजीत दही कालवलं आणि जेवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी हद्द ओलांडली. जुन्या वस्तीतल्या एका गल्लीचं काम उरकून, बर्फाच्या पिशव्या घातलेला लसीचा डबा खांद्याला लावून, नाल्यावर टाकलेल्या दोन फळ्यांवरून त्या पलीकडे गेल्या. डब्यात गोवराच्या लसीची एकच कुपी उरली होती. सोबत सेविका नव्हती. परवानगी नव्हती. राग मात्र भरपूर होता आणि तो बराचसा स्वतःवर होता.

चाळीच्या तळाशी एक पंक्चरवाला म्हातारा बसला होता. पाण्याच्या घमेल्यात टायरची ट्यूब बुडवून तो बुडबुडे शोधत होता.

"केस नसलेलं बाळ कुठे राहतं हो, काका? त्याची आई बांधकामावर जाते."

"टकल्या? सगळ्यात वरती. जिना सांभाळून. तिसरी पायरी नाही." तो खाली बघतच म्हणाला.

तिसरी पायरी खरंच नव्हती. नर्सबाई डबा पोटाशी धरून चढल्या. प्रत्येक मजल्यावर एका रांगेत दारं, आणि दारं म्हणजे पत्र्याचे तुकडे. एका उघड्या दारातून त्यांनी आत पाहिलं. खोलीत एकही खिडकी नव्हती. जमिनीवर सात-आठ पुरुष खांद्याला खांदा लावून झोपले होते. रात्रपाळीचे रखवालदार. ते रात्री कामाला गेले, की याच अंथरुणांवर विटा वाहणारी कुटुंबं येऊन पडायची. भाडं दोघांकडून. अंथरूण थंड व्हायला वेळच मिळत नव्हता. गोवराचा एक खोकला या खोलीत पडला, तर कुणाला सोडेल? नर्सबाईंना एवढ्या वर्षांच्या नोकरीत जे नकाशावरून कधी कळलं नव्हतं, ते त्या दारात उभ्या उभ्या कळलं. दिवसा येऊन 'घरात मुलं आहेत का' विचारणाऱ्याला या खोलीत 'नाहीत' असंच उत्तर मिळणार, आणि ते उत्तर खरंही असणार.

वरच्या मजल्यावर एक बाई कठड्याशी भांडी घासत होती. नर्सबाईंनी टकल्याचं विचारलं.

"त्याची आई त्याला साइटवर घेऊन जाते. घरी ठेवायचं कुणाकडे? संध्याकाळीच येईल." मग तिने डब्याकडे पाहिलं. "सुई का? गोवराची? माझ्या पोरीलाही द्याल?"

"किती वर्षांची आहे?"

"दोन होतील. तिला एकही नाही दिली. गावाकडे होतो तेव्हा म्हणाले, शहरात घ्या. शहरात म्हणाले, कागद आणा."

हे ती अगदी सहज म्हणाली. नर्सबाई खाली बसल्या, डबा उघडला आणि कुपी फोडली. एका मुलासाठी. पाण्यासारखं द्रावण घालून लस तयार केली, कुपीवर वेळ लिहिली. मनात म्हणाल्या, मीटिंगमध्ये बघून घेईन.

आणि मग आजूबाजूच्या दारांतून पोरं बाहेर आली. कुणी मोठ्या बहिणीच्या कडेवर, कुणी आजीच्या पदराआडून. एक, दोन, मग कठडा भरला. नर्सबाई बघतच राहिल्या. इतके बुधवार त्या शाळेच्या खोलीत पाचव्या मुलाची वाट बघत बसल्या होत्या, आणि ती सगळी पाचवी मुलं इथे होती, दोन फळ्यांच्या पलीकडे.

त्यांनी भांडीवालीच्या मुलीच्या उजव्या दंडात सुई दिली. चमच्याने अ जीवनसत्त्वाचं औषध पाजलं. पोर किंचाळलं, मग दुसरं, मग तिसरं. चार मुलं झाली. शेवटचा डोस उरला. तो त्यांनी टकल्यासाठी राखला. कुपी बर्फाशी ठेवली आणि त्या थांबल्या. सुई दिलेल्या मुलांना अर्धा तास बघत थांबायचंच होतं. पण एक तरुण आई मुलाला घेऊन समोरून हलेना.

"माझ्याला का नाही, बाई? तुमच्याकडे तर आहे."

"हा एकाचा ठेवलाय गं."

"तो संध्याकाळी येणार. माझा तर आत्ता समोर उभा आहे."

संध्याकाळपर्यंत कुपी टिकणार नव्हती. चार तास म्हणजे चार तास. संध्याकाळी टकल्या येईल आणि हातात फेकून द्यायची लस असेल. समोर उभ्या मुलाला नाही म्हणायचं, म्हणजे त्या बुधवारसारखंच करायचं. नर्सबाईंनी पाचवा डोस त्या मुलाला दिला. यात काही चुकलं असेल तर ते कुणीतरी येऊन मला दाखवावं.

कुपी रिकामी झाली आणि जिन्यावर पावलं वाजली. टकल्याची आई वर येत होती. साइटवरचं सिमेंट संपलं, ट्रक येईपर्यंत सगळ्यांना सोडलं, म्हणून ती पोराला दोन घास भरवायला घरी आली होती. टकल्या तिच्या खांद्यावरून नर्सबाईंकडे बघून हसला. त्याला दोन दात आले होते.

तिने मुलांचे लाल दंड पाहिले, डबा पाहिला, रिकामी कुपी पाहिली. सगळं समजली. मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "पुढच्या बुधवारी येऊ का, बाई?"

टोमणा असता तर नर्सबाईंनी सोसला असता. टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

"नाही!" नर्सबाई जरा जोरातच म्हणाल्या. "तू कुठे यायचं नाहीस. चल, आत्ता माझ्याबरोबर केंद्रावर चल."

त्यांनी फोन लावला. केंद्रावरच्या फ्रीजची किल्ली ज्यांच्याकडे असते ते भाऊ म्हणाले, लस सकाळीच वाटतो, आता कुलूप लागलं, मी निघालो. नर्सबाईंनी काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊ म्हणाले, "बाई, नियम मी केलेत का?" तेवढ्यात खालून मुकादमाने हाक मारली, की ट्रक आला, चला. टकल्याच्या आईने पोराच्या तोंडात घास कोंबला आणि पदर खोचला.

"उद्या सकाळी मीच येते," नर्सबाई म्हणाल्या. "तू कामावर निघायच्या आधी. दोन कुप्या आणते. सगळ्या पोरांना देते. तू फक्त थांब."

"थांबते. कामाला जरा उशीर होईल, पण थांबते." ती हसली. पहिल्यांदाच हसली.

नर्सबाईंना उद्याची काळजी लागली. आपण आजारी पडलो, साहेबांनी दुसरीकडे पाठवलं, तर दुसरी सिस्टर येईल. तिला या पत्र्यांच्या जंगलात टकल्याचं दार कसं सापडणार? हात आपोआप एप्रनच्या खिशात गेला. त्यांनी खडू काढला आणि टकल्याच्या दारावर मोठ्ठा नंबर टाकला. खाली तारीख, बाजूला बाण. मग पुढच्या दारावर. मग त्याच्या पुढच्या. तिन्ही मजले संपवले. ज्या घरांना कुणाच्या नकाशात जागा नव्हती, त्यांना आज नंबर मिळाले, म्हणून त्यांना बरं वाटत होतं. रात्रपाळीचा एक रखवालदार अर्धवट उठून बघत होता. भांडी घासणारीचे हात थांबले होते.

पहिला नंबर पडला तेव्हाच टकल्याच्या आईने जिना उतरता उतरता विचारलं होतं, "हे कशाला, बाई?"

"म्हणजे उद्या कुणीही आलं तरी चुकायला नको. सरळ तुमच्या दारात येतील."

"कोण येणार?"

"आमचेच लोक."

"सरकारी?"

"हो, सरकारी," नर्सबाई तिला धीर देत म्हणाल्या. "अगदी सकाळी सकाळी."

संध्याकाळी त्या डॉक्टरसाहेबांच्या घरी जाऊन बसल्या. साहेबांनी आधी हद्दीचं सांगितलं, मग लसीच्या हिशेबाचं, मग वरून उत्तर यायचंय याचं. नर्सबाईंनी तिन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, शिंप्याची नात गेल्याचं पत्र वर पाठवायला तुम्हाला किती वेळ लागला? टकल्याचंही तसंच एक तयार करून ठेवा. माझी सही आत्ताच घ्या." साहेबांनी कागद पुढे ओढला. मग चिठ्ठी लिहून दिली आणि सकाळी स्वतः फ्रीजवाल्या भाऊंना फोन केला. एवढं खरं म्हणजे आदल्या महिन्यातही करता आलं असतं.

सकाळी भाऊंनी कुप्या दिल्या. मागितल्या दोन, दिल्या तीन, वर बर्फही जादा घातला. "काल जरा तोडून बोललो," ते म्हणाले. नर्सबाईंना इतकं हलकं वाटलं, की नाल्यावरच्या फळ्या त्यांनी पोरीसारख्या ओलांडल्या.

पंक्चरवाला म्हातारा जागेवर होता. नर्सबाई हात करून वर चढल्या, तिसरी पायरी आठवणीने टाळली.

पहिल्या मजल्यावरची दारं उघडी होती. आत कुणी नव्हतं. दुसऱ्याही मजल्यावर नाही. अंथरुणं नाहीत, भांडी नाहीत, कठड्यावर कपडे नाहीत. टकल्याच्या दाराचा पत्राच काढून नेला होता. बाकीच्या दारांवर ओल्या फडक्याने घासल्याचे पांढरट फराटे होते. एका कोपऱ्यात चुलीच्या तीन विटा होत्या आणि राख अजून कोमट होती.

नर्सबाई खाली आल्या. त्या थेट पंक्चरवाल्यापाशी गेल्या.

"काका, गेले कुठे सगळे?"

म्हाताऱ्याने ट्यूब घमेल्यातून बाहेर काढली. "काल तुम्ही नंबर टाकले ना?"

"हो. लसीचे."

"ते आम्हाला काय ठाऊक? ही माणसं आधी जिथे होती, तिथेही असेच नंबर पडले. तारीख, बाण, सगळं असंच. दुसऱ्या सकाळी घरं पाडायचं यंत्र आलं. भांडीसुद्धा काढू दिली नाहीत. त्याच्या आधी जिथे होती, तिथेही तेच." तो ट्यूबला ठिगळ लावत होता. "या वेळी म्हणाले, भांडी तरी वाचवू. मुकादमाने ट्रक दिला. उजाडायच्या आत निघाले."

"अहो, पण मी नर्स आहे! सुई देणारी!"

"टकल्याची आई तेच सांगत होती सगळ्यांना. बाई चांगली आहे, थांबू या, म्हणत होती. ती सगळ्यात शेवटी चढली ट्रकमध्ये." म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. "पण नंबर टाकायला येणारे सगळे चांगलेच बोलतात हो, बाई."

"ट्रक कुठे गेला?"

"जिथे काम असेल तिथे."

तीन भरलेल्या कुप्यांचा डबा खांद्याला रुतत होता. नर्सबाईंना रडू आलं, ते त्यांनी पंक्चरवाल्यासमोर लपवलंही नाही. नकाशावर रागवावं, तर नकाशा निर्जीव. फ्रीजवर रागवावं, तर आज फ्रीजने तीन कुप्या दिल्या होत्या. साहेबांनी सही दिली होती. एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा सगळं जागच्या जागी होतं, फक्त पोरं नव्हती. आणि खडू कुणाचा होता, तर त्यांचाच.

फळ्यांवरून त्या परत अलीकडे आल्या. गल्लीच्या तोंडाशी आजी बसलेली होती. नर्सबाईंना बघताच तिने काठीने दाराकडे खूण केली.

"बरं झालं आलात, बाई. माझा नंबर पुसट झालाय बघा. जरा गडद करा की."

नर्सबाईंनी खिशातून खडू काढला. दारापर्यंत हात नेला आणि तो तसाच राहिला. मग त्यांनी खडू आजीच्या हातात ठेवला.

"तुम्हीच करा, आजी."

"मला कुठे लिहिता येतं? आणि मी लिहिला तर तो सरकारी कसा होईल?"

नर्सबाईंनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं. डब्यातला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकणार होता. त्यांनी डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि केंद्राकडे न वळता मुकादमांच्या अड्ड्याची वाट धरली. कुठे कुठे काम निघालंय, ते विचारायला.